मामांना पाणी मागता येत नाही, पण आरती अख्खी म्हणतात. मग मेंदूत भाषा असते तरी कुठे?

अनघा_सांगली

नमस्कार मंडळी. माझे मोठे मामा ६८ वर्षांचे, आयुष्यभर हिशेबाचं काम केलेले. गेल्या पावसाळ्यात त्यांना मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला होता, तो आता बराच सुधारलाय. वाचा मात्र परत आलेली नाही. एखादा शब्द निघतो, तोही खूप कष्टाने. 'बँक... काल... मुलगा... पैसे' असं काहीसं बोलतात आणि मग हात झटकून गप्प बसतात.

पण संध्याकाळी सगळ्यांबरोबर आरतीला उभे राहिले की शब्द न् शब्द येतो. पाढे येतात. चिडले की शिवी एकदम स्वच्छ! आणि समोर पाण्याचा पेला धरून 'हे काय?' विचारलं तर 'पा... पा...' करत डोळ्यांत पाणी येतं.

डॉक्टर म्हणाले, ब्रोकाच्या भागाला मार बसलाय. मी वाचलं होतं की ब्रोकाचा भाग बोलतो आणि वर्निकेचा भाग समजतो. बोलणारा भागच गेला असेल तर आरती कुठून येते?

आणखी एक. मामी म्हणतात, 'त्यांना सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही.' मलाही तसंच वाटायचं. पण परवा मी त्यांना सांगितलं, 'मनूला गौरीने मारलं', तर त्यांनी मनूलाच दटावलं. मनू रडत होता, तरीही. हे कसं काय?

---

नाना_कराड

अनघाताई, यात कोडं काहीच नाही. डावा मेंदू भाषेचा, उजवा मेंदू संगीताचा. आरती चालीवर असते म्हणून ती उजव्या मेंदूतून येते. मामांना सगळं गाऊन मागायला शिकवा. आणि तोपर्यंत पाटी-पेन्सिल द्या. तोंड बंद असलं तरी हाताने लिहून सांगतील की.

---

वृषाली_वाचोपचार

नानाकाका, पाटीचा सल्ला जवळजवळ प्रत्येक घरात दिला जातो आणि जवळजवळ प्रत्येक घरात फसतो. वाचाघातात बिघाड तोंडात नसतो, भाषेत असतो. जो शब्द ओठांवर येत नाही तो बहुतेक वेळा बोटांतूनही येत नाही. मामांनी पाटीवर फक्त 'पा' लिहून हात थांबवला तर ते हट्ट करताहेत असं समजू नका. उलट, एखाद्याला बोलता अजिबात येत नाही पण वाक्यं बिनचूक लिहिता येतात असं दिसलं, तर आम्ही भाषेपेक्षा उच्चाराच्या हालचालींमधला दोष शोधतो.

आणि पाढे काही गाणं नव्हेत. शिवी तर नव्हेच. 'उजवा मेंदू गातो' एवढ्यावर या दोन्हींचा उलगडा होत नाही.

---

सुहास_न्यूरो

अनघाताईंचा प्रश्न १६० वर्षांहून जुना आहे आणि ब्रोकाच्या पहिल्याच रुग्णात तो तसाच्या तसा सापडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा माणूस २१ वर्षं राहत होता. काहीही विचारलं तरी उत्तर 'तां, तां'. सगळे त्याला तां म्हणूनच ओळखत. एप्रिल १८६१ मध्ये पायाला भयंकर जंतुसंसर्ग झाला म्हणून त्याला शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्याकडे आणलं. 'किती वर्षं इथे आहेस?' असं ब्रोकांनी विचारलं. त्याने डाव्या हाताची पाचही बोटं चार वेळा उघडली आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. हिशेब बरोबर, प्रश्न समजलेला, शब्द मात्र एकच. आणि समोरच्याला आपलं म्हणणं कळलं नाही की चिडून तो एक फ्रेंच शिवी हासडायचा, तीही पूर्ण आणि स्पष्ट. तुमच्या मामांसारखीच.

काही दिवसांत तो वारला. ब्रोकांनी मेंदू पाहिला तेव्हा डाव्या कपाळामागच्या तिसऱ्या वळीत मोठी खाच होती. त्याच वर्षी त्यांना दुसरा रुग्ण मिळाला, लेलों नावाचे ८४ वर्षांचे गृहस्थ. त्यांच्याकडे जेमतेम पाच शब्द उरले होते: हो, नाही, नेहमी, स्वतःच्या नावाचा तुकडा आणि मोडका उच्चार असलेला 'तीन'. कुठलीही संख्या सांगायची असली तरी 'तीन'. मुलं किती? 'तीन', आणि बोटं चार. त्यात मुलगे किती? 'तीन', बोटं दोन. मुली? 'तीन', बोटं दोन. म्हणजे संख्या डोक्यात पक्की होती. 'आता संख्या बोलायची आहे' हेही पक्कं होतं. नेमका शब्द निवडून तोंडापर्यंत आणण्याची पायरी तेवढी तुटलेली होती.

माझ्या मते वाचाघात हेच सगळ्यात स्वच्छ दाखवतो. बोलणं ही एक क्रिया नाही. काय सांगायचं ते ठरणं, शब्द निवडणं, शब्दांचं वाक्य जुळणं, ध्वनींचा क्रम लागणं आणि जीभ-ओठ हलणं या पायऱ्या वेगवेगळ्या तुटू शकतात. आरती, पाढे, शिवी यांत मधल्या बऱ्याच पायऱ्या लागतच नाहीत. शब्द निवडायचा नसतो, वाक्य रचायचं नसतं, आधीचा शब्द पुढचा शब्द ओढून आणतो. अशा मुरलेल्या बोलण्यात उजव्या मेंदूचा आणि खोलवरच्या केंद्रांचा वाटा मोठा असावा. तिथवर नानासाहेबांचं म्हणणं बरोबर आहे. पण कारण चाल नाही, मुरलेपणा आहे. मामांना आरतीतला एखादा शब्द मधूनच, नुसता विचारून पाहा. बहुधा येणार नाही.

---

प्रमोद७२

फार उपयुक्त धागा. माझा नातू तीन वर्षांचा झाला, अजून दोन-तीनच शब्द बोलतो. त्याचा ब्रोका भाग कमजोर असेल का? एमआरआय करून घ्यावा का?

---

वृषाली_वाचोपचार

प्रमोदकाका, हा विषय वेगळा आहे. वाचाघात म्हणजे आलेली भाषा मेंदूला इजा झाल्यामुळे हरपणं. बाळाची भाषा अजून यायची आहे. एमआरआयच्या आधी कानाची तपासणी, बेरा, करून घ्या. ऐकू नीट येतंय हे कळल्यावर वाचोपचार तज्ज्ञाला दाखवा. तीन वर्षांला दोन-तीनच शब्द म्हणजे थांबून बघण्याची वेळ नाही, या महिन्यातच दाखवा.

---

शंतनू_ब

डॉक्टर, एक शंका. ब्रोकांनी ते मेंदू कापले नव्हते ना? वरून दिसणाऱ्या खाचेवरून निष्कर्ष काढला. मग खरी इजा कुठवर होती हे कसं कळलं?

---

सुहास_न्यूरो

बरोबर धरलंत. दोन्ही मेंदू अखंड जपून पॅरिसच्या संग्रहालयात ठेवले होते. २००७ साली नीना ड्रॉन्कर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे एमआरआय काढले. लबोर्न्यची इजा वरून दिसते त्यापेक्षा फार खोल गेलेली निघाली. इन्सुला नावाचा घडीत दडलेला भाग आणि त्याखालच्या तंतूंचे जुडगेही गेले होते. लेलोंच्या मेंदूत तर आज आपण ज्याला ब्रोकाचा भाग म्हणतो त्याचा फक्त मागचा अर्धा बाधित होता. दोघांत समान काय होतं, तर पुढच्या आणि मागच्या भागांना जोडणाऱ्या लांब तंतूंना बसलेला मार.

याला जोड देणारी निरीक्षणं आधीच होती. १९७८ मध्ये जे. पी. मोर यांनी दाखवलं की फक्त ब्रोकाच्या भागापुरता छोटा स्ट्रोक आला तर माणूस सुरुवातीला गप्प होतो, पण बहुधा काही आठवड्यांत बोलायला लागतो. मामांसारखा महिनोन्महिने टिकणारा वाचाघात व्हायला इजा बरीच मोठी लागते. 'ब्रोकाच्या भागाला मार बसला' हे डॉक्टरांचं वाक्य घरच्यांना सांगण्यापुरतं ठीक आहे. मामांचा एमआरआय पाहिलात तर डाग त्या चौकटीत मावणार नाही असा माझा अंदाज आहे.

---

शंतनू_ब

मग उच्चारांची जुळणी इन्सुलात होते असं म्हणायचं का? १९९६ चा ड्रॉन्कर्स यांचाच अभ्यास तेच म्हणतो: उच्चारांच्या हालचाली जुळवता न येणाऱ्या सगळ्या २५ रुग्णांत इन्सुलाचा एक ठरावीक तुकडा गेलेला होता आणि तो दोष नसलेल्या १९ जणांत तो शाबूत होता.

---

सुहास_न्यूरो

आकडे प्रभावी आहेत, पण त्यात एक अडचण आहे. इन्सुलाला रक्त मिळतं ते मेंदूच्या मधल्या धमनीकडून आणि या धमनीचे मोठे स्ट्रोक इन्सुलाला सहसा सोडत नाहीत. ज्यांचा दोष वर्षानुवर्षं टिकतो त्यांचे स्ट्रोक मुळात मोठे असतात. त्यांच्या प्रतिमा एकावर एक ठेवल्या की इन्सुला उठून दिसणारच, मग त्या कामाशी त्याचा संबंध असो वा नसो. २००४ मध्ये आर्गी हिलिस यांच्या गटाने स्ट्रोकनंतर लगेचच, मेंदूने स्वतःला सावरून घेण्याआधी, रुग्ण तपासले. तेव्हा इन्सुलाशी संबंध दिसला नाही, ब्रोकाच्या भागाशी दिसला. हा वाद अजून मिटलेला नाही. मी स्वतः हिलिस यांच्या बाजूने झुकतो, कारण ताज्या स्ट्रोकमध्ये कार्यकारण जास्त थेट दिसतं. पण माझ्या ओळखीचे चांगले लोक दुसऱ्या बाजूलाही आहेत.

---

वृषाली_वाचोपचार

आता अनघाताईंच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण घरात रोज उपयोगी पडणारी गोष्ट ती आहे.

'त्यांना सगळं समजतं' हे अर्धंच खरं असतं. 'मुलाने आंबा खाल्ला' हे वाक्य समजायला व्याकरण लागत नाही. 'मुलगा', 'आंबा', 'खाणं' हे तीन शब्द कळले की पुरे, कारण आंबा मुलाला खात नाही. पण 'मनूला गौरीने मारलं' यात मारणारा कोणीही असू शकतो. कोणी कोणाला मारलं हे फक्त 'ने' आणि 'ला' सांगतात. त्यात पहिलं नाव ज्याचं त्याने केलं असेल अशी आपल्या सगळ्यांचीच सवय असते. मामांच्या हातून 'ने' आणि 'ला' निसटले, त्यांनी सवयीवर भिस्त ठेवली आणि मनूला दटावलं. मनू रडत होता हे दिसत असूनही.

१९७६ मध्ये कारामाझा आणि झुरिफ यांनी इंग्रजी बोलणाऱ्या रुग्णांत हेच पकडलं. शब्दांच्या अर्थावरून उलगडणारी वाक्यं त्यांना नीट समजत, कर्ता-कर्माची अदलाबदल होऊ शकेल अशी गुंतागुंतीची वाक्यं आली की उत्तरं अंदाजपंचे. तोवर समज होता की अशा रुग्णाला फक्त बोलता येत नाही.

घरी करून पाहा. दोन चित्रं काढा: एकात मुलगा मुलीला ढकलतोय, दुसऱ्यात मुलगी मुलाला. आधी 'मुलाने मुलीला ढकललं' म्हणा आणि योग्य चित्र दाखवायला सांगा. मग 'मुलीला मुलाने ढकललं' म्हणा. अशी वाक्यं मिसळून, चेहऱ्यावर कुठलाही इशारा न करता विचारा. दोनच चित्रं आहेत, तेव्हा नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतील. निम्मी बरोबर आली तर 'निम्मं समजतं' असा अर्थ काढू नका. मात्र उलट क्रमाची वाक्यं जवळजवळ सगळीच चुकली, तर ते पहिल्या नावाला धरून चालताहेत असं समजा.

---

केतकी_ग

माझ्या आईचं बरोबर याच्या उलट झालं. एका सकाळी ती उठली आणि भडाभडा बोलायला लागली. सूर, चढउतार, हातवारे सगळं नेहमीसारखं, पण शब्द मात्र नसलेलेच. 'अगं ती टिपरी लावून घे ना, म्हणजे कामटं होईल.' आम्ही काही विचारलं की ती भलतंच बोलायची आणि आम्हाला कळत नाही म्हणून वैतागायची. हात-पाय ठणठणीत, चालत होती, त्यामुळे पॅरालिसिस आमच्या मनातही आलं नाही. सगळ्यांना वाटलं डोक्यावर परिणाम झाला. आधी मानसोपचारवाल्यांकडे नेलं, दोन दिवस त्यातच गेले. मग कोणीतरी स्कॅन करायला सांगितला आणि स्ट्रोक निघाला. हात-पाय का वाचले ते मला अजून कळलेलं नाही.

---

सुहास_न्यूरो

केतकीताई, तुमच्यासारखी हकीकत मी ओपीडीत पुष्कळदा ऐकतो. मेंदूच्या मधल्या धमनीच्या मुख्य दोन फांद्या असतात. वरची फांदी कपाळामागच्या भागाला रक्त पुरवते आणि हात, चेहरा हलवणारी पट्टी त्याच शेजारात असते. म्हणून तुटक बोलणाऱ्या रुग्णाचा उजवा हात बहुधा लुळा असतो. खालची फांदी कानामागच्या, कानशिलाच्या मागच्या भागाला जाते. ती बंद झाली तर भाषा कोसळते आणि हात-पाय शाबूत राहतात. १८७४ मध्ये ब्रेस्लाउ इथे कार्ल वर्निके यांनी, वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी, असेच रुग्ण वर्णन करून सांगितलं की ऐकलेल्या शब्दांच्या ध्वनिप्रतिमांचा साठा इथे असतो. तो गेला की दुसऱ्याचं समजत नाही आणि स्वतःचं चुकलेलंही कळत नाही. आई वैतागत होत्या त्याचं कारण हेच. त्यांच्या कानांना त्यांचं बोलणं बरोबरच वाटत होतं.

वेड आणि वाचाघात यांत फरक करायला एक सोपी परीक्षा आहे. भ्रमात असलेला माणूस चमत्कारिक गोष्टी बोलेल, पण शब्द खरे असतील आणि घड्याळ, चावी, कंगवा दाखवला तर नावं सांगेल. वाचाघातात नावंच चुकतात आणि 'कामटं' सारखे नसलेले शब्द येतात. साठीच्या माणसाचं बोलणं अचानक असं बिघडलं तर हात-पाय ठीक असले तरी तो स्ट्रोकच समजून थेट मोठ्या रुग्णालयात न्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

---

शंतनू_ब

वर्निकेचा भाग नेमका कुठून कुठवर यावरही एकमत नाही. २०१६ मध्ये या क्षेत्रातल्या संशोधकांनाच वेगवेगळे नकाशे दाखवून कुठला बरोबर ते विचारलं होतं, तेव्हा एकाही नकाशाला निम्मी मतंही मिळाली नाहीत. मला वाटतं, ही दोन नावं आता निवृत्त करावीत.

---

सुहास_न्यूरो

मला तसं वाटत नाही. रुग्णाच्या लक्षणांना नाव म्हणून ती उपयोगी आहेत. 'वर्निके पद्धतीचा वाचाघात' म्हटलं की समोरच्या डॉक्टरला क्षणात चित्र कळतं. फक्त तेच नाव मेंदूतल्या जागेला देऊन 'इथे समज राहते' असं म्हणू नये. आज बरेच जण दोन वाटा मानतात. एक कानशिलाच्या खालच्या अंगाने जाते आणि ऐकलेल्या ध्वनीला अर्थाशी जोडते. दुसरी वरून वळून पुढे जाते आणि ध्वनीला उच्चाराशी जोडते. वरची वाट तुटली की माणसाला समजतं, तो बोलतोही, पण ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणता येत नाही. शब्दाचा अर्थ बरोबर येतो, ध्वनी सांडतात.

---

हेमा_धारवाड

आमच्या वडिलांना स्ट्रोकनंतर कन्नड येत होतं, मराठी नाही. घरात सगळे मराठी, जन्मापासूनची भाषा मराठी. कन्नड त्यांनी शाळेत आणि पुढे नोकरीत वापरलं. ते नर्सशी बोलायचे आणि आईशी बोलताना अडायचे. आईला फार लागलं ते. भाषा वेगवेगळ्या जागी असतात का?

---

वृषाली_वाचोपचार

हेमाताई, आधी आईंना सांगा की यात ओढ कमी होण्याचा काही संबंध नाही. फ्रान्समध्ये रिबो यांनी १८८१ मध्ये म्हटलं की आधी शिकलेली भाषा टिकते. पित्र यांनी १८९५ मध्ये म्हटलं की स्ट्रोकच्या सुमारास जी जास्त वापरात होती ती आधी परतते. दोन्ही नियमांना अपवाद भरपूर आहेत. बहुतेक रुग्णांत सगळ्या भाषा सारख्याच प्रमाणात बिघडतात आणि सारख्याच सुधारतात. वडिलांसारखे कमी असतात. काहींत तर आज एक भाषा चालते आणि आठवड्याने दुसरी. त्यामुळे 'वेगळी जागा' यापेक्षा 'एक दाबून दुसरी पुढे आणणारी यंत्रणा बिघडली' असं मानणारे बरेच आहेत. तुमच्या वडिलांत नेमकं कुठलं होतं हे मला इथून सांगता येणार नाही. मराठी कायमची गेली होती की दाबली गेली होती, हे वेगवेगळ्या दिवशी दोन्ही भाषांत तपासलं असतं तरच कळलं असतं.

---

नाना_कराड

मग गाऊन मागायला शिकवायचं की नाही? तसा उपचार अमेरिकेत आहे असं मी खात्रीने वाचलंय.

---

वृषाली_वाचोपचार

आहे, नानाकाका. बोस्टनमध्ये १९७३ पासून. रुग्ण छोटी वाक्यं दोन सुरांत म्हणतो आणि डाव्या हाताने प्रत्येक अक्षराला ताल धरतो. काहींना फायदा होतो. पण जर्मनीत २०११ मध्ये चाल आणि ताल वेगळे करून पाहिले तेव्हा मदत तालाची आणि शब्द पाठ असण्याची होते असं दिसलं, चालीची फारशी नाही. त्यामुळे आरती रोज म्हणू द्या, त्यांना बरं वाटतं. पण आरती म्हणून पाणी मागता येईल अशी आशा धरू नका. त्यासाठी 'पाणी हवं', 'चहा नको', 'बाहेर जाऊ' अशी रोजच्या कामाची पाच-सहा वाक्यं निवडून, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरत, तुमच्याबरोबर पुन्हा पुन्हा म्हणवून घ्या. मग हळूहळू तुमचा आवाज मागे घ्या.

---

अनघा_सांगली

सगळ्यांचे मनापासून आभार. चित्रं काढून बघितलं. 'मुलाने मुलीला' म्हटलं की मामा लगेच बरोबर बोट ठेवतात. 'मुलीला मुलाने' म्हटलं की बऱ्याचदा चुकीच्या चित्रावर, तेही खात्रीने. 'मुलीला आंबा दिला' अशी वाक्यं ठीक. मामी शेजारी बसून बघत होत्या. आम्ही आता घरात सगळे नाव आधी, 'ने' आधी, छोटं वाक्य असं बोलतोय.

आरतीतला शब्द मधूनच विचारून पाहिला. नाही आला. आधीची ओळ मी म्हटली तेव्हा मात्र आपोआप आला.

एक नवीन अडचण. 'चहा हवा?' विचारलं की 'हो' म्हणतात आणि कप आणला की ढकलतात.

---

वृषाली_वाचोपचार

'हो' आणि 'नाही' हेही बोलायचे शब्दच आहेत, तेही अदलाबदल होतात. प्रत्येक महत्त्वाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारा: 'चहा हवा?' आणि थोड्या वेळाने 'चहा नको?' दोन्हींना 'हो' आलं तर उत्तर धरू नका. चहाचा कप आणि पाण्याचा पेला दोन्ही समोर ठेवा आणि हात कुठे जातो ते बघा. औषध, पैसे, सही यांच्या बाबतीत तर नुसत्या 'हो'वर अजिबात विसंबू नका.